बारा महिने अकरा दिवस

अक्षयाचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि ते तिला ठाऊकही होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आल्यापासून तिच्या केसशीट वर्गात हातोहात फिरायच्या, आणि मॅडम म्हणायच्या, बघा, असं लिहा. आता सामुदायिक आरोग्याच्या नेमणुकीवर ती मसुऱ्याजवळच्या उपकेंद्रात पंधरा दिवसांसाठी आली होती. पाच वर्षांखालची, खोकला असलेली पाच मुलं घरी जाऊन तपासायची, श्वास मोजायचे, धोक्याची लक्षणं बघायची आणि प्रत्येकाचं वर्गीकरण लिहायचं, एवढंच काम. चार शीट झाल्या होत्या. पाचवी राहिली होती, आणि या पाचवीनंच तिला पुरतं पोळवलं.

मंगळवारी सकाळी नम्रता सिस्टरना अंगणवाडीत लसीकरण होतं. उपकेंद्र त्यांच्या अंगावर बारा वर्षं होतं, त्यामुळे गावातलं कुठलं पोर कुणाचं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी अक्षयाला एकटीला पाठवलं. जाताना एवढंच बजावलं, "कार्ड बघितल्याशिवाय वय लिहू नको हं." अक्षयानं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

किशोरीचं घर काजूच्या बागेच्या कडेला होतं. नवरा मुंबईला नोकरीला, घरात ती, सासू आनंदी आणि मांडीवरचा चंदन. चंदनला तीन दिवस खोकला होता. किशोरीनं खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चटई घातली आणि पोराला मांडीवर घेऊन बसली.

"किती महिन्यांचा आहे?" अक्षयानं विचारलं.

"अकरा," किशोरी म्हणाली. "वर्षाचो होवचो आसा अजून. जत्रेक हेचो बापूस येतलो, मगे वाढदिवस करतलंव."

"कार्ड आहे का जवळ?"

"आसा, पण खाली पेटयेत. काढू काय?"

पेटीवर गोधड्या होत्या, गोधड्यांवर भाताची पोती. अक्षयाच्या डोळ्यांसमोर पाचवी शीट पूर्ण झालेली दिसत होती. "असू दे," ती म्हणाली.

बाकी सगळं तिनं पुस्तकाबरहुकूम केलं, यात शंका नाही. पोर त्या घडीला रडत नव्हतं, पीत नव्हतं, शांत होतं. झबलं वर करून, घड्याळातला सेकंदकाटा बघत तिनं पोटाची वरखाली पूर्ण एक मिनिट मोजली. चव्वेचाळीस. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात नव्हता, घरघर नव्हती. एरवी पोर दूध नीट पीत होतं, प्यायलेलं सगळं ओकून टाकत नव्हतं, फिट आली नव्हती, आणि तिच्या गळ्यातलं ओळखपत्र धरायला हात पुढे करत होतं. दोन महिन्यांपासून बारा महिने पुरे होईपर्यंत मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास झाले तर वेगवान. चव्वेचाळीस म्हणजे पन्नासच्या आत. तिनं लिहिलं : न्यूमोनिया नाही, सर्दी-खोकला. ऊब द्या, दूध पाजत राहा, श्वास वाढला किंवा पिणं थांबलं तर लगेच या, असं सांगितलं. तेही घाईघाईनं, पाठ केलेली कविता म्हणावी तसं. किशोरीनं तिला कोकमाचं सरबत दिलं.

बुधवारी दुपारी ती उपकेंद्रात शीट पक्की लिहायला बसली. शीटवर जन्मतारखेचा रकाना होता. रकाना रिकामा ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिनं लसीकरणाचं रजिस्टर ओढलं, चंदनचं नाव शोधलं आणि तारीख बघितली. गेल्या वर्षीची नऊ जानेवारी. काल होती वीस.

तिनं बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं, जणू दुसऱ्यांदा मोजल्यानं पोर लहान होणार होतं. बारा महिने अकरा दिवस.

बारा महिने पूर्ण झाले की आकडा बदलतो. तिथून पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त म्हणजे वेगवान श्वास, आणि वेगवान श्वास म्हणजे न्यूमोनिया. कालचे चव्वेचाळीस श्वास न्यूमोनियाचे होते. अमॉक्सिसिलिनचं औषध कालच सुरू व्हायला हवं होतं, आणि ते इथेच, तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं. किशोरी खोटं बोलली नव्हती. या घरांत पोर वर्षाचं होतं ते बाप मुंबईहून आला, पाहुणे जमले, ओवाळलं की. जत्रेची तारीख देवी ठरवते आणि पोराचा वाढदिवस जत्रा ठरवते. तो हिशेब त्यांचा, पण फुफ्फुसं तो कशाला पाळतील?

क्षणभर तिच्या मनात आलं ते सांगायलाच हवं, कारण तिनं ते पुढे स्वतःच सांगितलं. शीटवर श्वासांचा तो एकच आकडा खोडून चाळीसच्या आतला लिहिला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. पोर बहुधा बरंही झालं असतं. तिला स्वतःची किळस आली. ती उठली आणि दाराशी औषधं मोजत बसलेल्या नम्रता सिस्टरसमोर जाऊन उभी राहिली. "सिस्टर, माझी चूक झाली," ती म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी पिशवीत औषधं भरली, इंजेक्शनचा डबा घेतला आणि स्कूटरची किल्ली उचलली. "बस मागे," एवढंच म्हणाल्या.

खळ्यात आनंदी सुपारी कातरत बसली होती. तिचा चेहरा निवांत होता. "येवा, येवा. रात्रभर खोकलो गो, कोण निजूक नाय. आता सकाळपासून कसो शांत निजलो आसा. खोकलोय कमी झालो."

अक्षयाच्या जिवात जीव आला. ती चटईशेजारी बसली आणि घड्याळ काढून पूर्ण मिनिट मोजलं. अडतीस. चाळीसच्या आत! देवानं तिला पदरात घेतलं असं तिला वाटलं, आणि तसं तिनं सिस्टरांना सांगितलंही. "अडतीस, सिस्टर. उतरलाय."

"उठव त्याला," सिस्टर म्हणाल्या.

"कित्याक उठवतास? आताच तर निजलो," आनंदी म्हणाली.

"किशोरी, उठव. छातीशी घे."

किशोरीनं हाक मारली, पाय चोळले, गालाला हात लावला. चंदनचे डोळे अर्धे उघडले आणि मिटले. तिनं त्याला छातीशी धरलं. ओठ टेकले, पण हलले नाहीत. दूध हनुवटीवरून खाली ओघळलं.

"सकाळपासून प्यालाय?"

"नाय. निजलो म्हणान उठवक नाय मी."

सिस्टरांनी झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात होता. "हे बघ," त्या अक्षयाला हळू आवाजात म्हणाल्या. "दमलंय ते. श्वास उतरलेला नाही, ओढायची ताकद संपलीय. जागं होत नाही, पीत नाही. यातलं एक लक्षण असलं तरी आकडा बाजूला ठेवायचा. आता काय लिहिशील?"

"गंभीर न्यूमोनिया," अक्षया म्हणाली.

सिस्टरांनी एकशेआठला फोन लावला. पोराला पिता येत नव्हतं म्हणून त्याच्या तोंडात औषध घातलं नाही. वजन पत्रकात बघून जेंटामायसिनचा पहिला डोस मांडीत दिला. सुई टोचली तरी पोर नीट रडलं नाही, नुसतं कण्हलं, आणि ते ऐकून किशोरीनं पदराचा बोळा तोंडात घातला. त्याला गोधडीत गुंडाळलं. मग गाडीची वाट बघणं उरलं.

वाट बघताना माणसं कारण शोधतात. सिस्टरांनी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिताना वय लिहिलं, बारा महिने. किशोरी म्हणाली, "अकरा." सिस्टर म्हणाल्या, "नऊ तारखेला बारा पुरे झाले त्याचे. काल तू अकरा सांगितलंस." आनंदीनं अडकित्ता खाली ठेवला.

"तुका स्वतःच्या झिलाचा वय म्हायत नाय? काय आवस तू?"

किशोरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं पोराला आणखी घट्ट धरलं. अक्षयानं बघितलं, दोष घर शोधत आला होता आणि त्याला घर मिळालं होतं. ती गप्प राहिली असती तर तो तिथेच कायमचा राहिला असता. या बाईनं मरेपर्यंत तो पोसला असता.

"आजी," ती म्हणाली, "चूक तिची नाही. ती कार्ड काढायला उठत होती. मीच नको म्हटलं. वय कार्डावरून बघायचं काम माझं होतं."

आनंदी तिच्याकडे वळली. "म्हणजे काल बघतलं असतंस, तर कालच औषध मिळाला असता?"

"हो."

"आणि आज ह्या झाला नसता?"

याला सोपं उत्तर होतं, की कुणी सांगावं. तेही खरंच होतं. पण अक्षया म्हणाली, "बहुतेक नसतं झालं."

आनंदी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कार्ड होतं. गोधड्या आणि पोती खाली ढकलून तिनं एकटीनं पेटी उघडली होती. कार्ड तिनं अक्षयाच्या नव्हे, सिस्टरांच्या हातात दिलं.

गाडी आली. चंदनच्या पायाच्या बोटाला यंत्र लावलं, रक्तातला ऑक्सिजन सत्त्याऐंशी दिसला. नव्वदच्या आत, म्हणून ताबडतोब ऑक्सिजन सुरू झाला. किशोरी आणि सिस्टर गाडीत चढल्या. अक्षया खळ्यात आनंदीजवळ राहिली. म्हातारीनं तिला ना बस म्हटलं, ना जा. दिवेलागणीला फोन आला, पोर दाखल झालंय, सलाईन चालू आहे, अजून काही सांगता येत नाही. तेव्हा आनंदी तुळशीपाशी दिवा लावायला उठली आणि जाताना म्हणाली, "पाणी पी जा. माठ आत आसा."

शीट अक्षयानं फाडली नाही. चुकीच्या वर्गीकरणावरून एक रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं : वय कार्डावर पडताळलं नाही. खाली बुधवारची दुसरी तपासणी लिहिली, अडतीस श्वासांसकट. मोत्यासारख्या अक्षरांत ती रेघ भारी ओंगळ दिसत होती.

शनिवारी ती जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. ऑक्सिजन काढला होता. चंदन आईच्या मांडीवर पीत होता, म्हणून ती थांबली. त्याचं पिऊन झालं, तो शांत झाला, तेव्हा तिनं पूर्ण मिनिट मोजलं. चौतीस. छाती आत ओढली जात नव्हती. चंदननं ओळखपत्राची दोरी धरली आणि सोडेना.

किशोरी तिच्याकडे बघत होती. "कागदार वय किती लिवलस?"

"बारा महिने अकरा दिवस. म्हणजे मंगळवारी होतं ते. आज पंधरा."

किशोरीनं पोराच्या केसांतून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. "माजो झील वर्षाचो झालो," ती म्हणाली. "आणि माका कोणी सांगूक नाय."