शून्य पॉइंट अकरा

मुबश्शिरानं व्हर्नियरचे, म्हणजे जाडी मोजायच्या काट्याचे, जबडे घट्ट मिटले आणि काट्यावर आकडा आला ०.११. मिटलेल्या जबड्यांचा आकडा शून्य असतो, हे सांगायला कुठला इंजिनियर लागत नाही. तिनं पुन्हा मिटले. पुन्हा ०.११. डोळ्याजवळ धरून पाहिलं, तर एका जबड्याच्या टोकावर गोंदाचा पातळ पापुद्रा वाळून बसलेला. प्रिंटरच्या पाटीला लावायचा तोच गोंद, जो खरवडायला ती व्हर्नियरचंच टोक वापरायची.

"या अल्लाह," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं काय ते, केसाएवढं! पण तिच्या धंद्यात केसाएवढंच सगळं असतं. माधवनगरात तिचं थ्रीडी प्रिंटिंगचं दुकान. प्लास्टिकची बारीक तार, म्हणजे फिलामेंट, मशीन वितळवतं आणि थरावर थर घालून वस्तू उभी करतं. तारेची जाडी १.७५ मिलिमीटर धरलेली. बाई हुशार, हात साफ, पण तोंडाची फटकळ. सातारा-सांगलीकडच्या प्रिंटिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकशे चाळीस माणसं, आणि नवीन बॅच आली की काय तपासायचं, हे त्या सगळ्यांना शिकवलं हिनं. पहिले दोन मीटर तोडून टाका. मग अर्ध्या-अर्ध्या मीटरवर दहा ठिकाणी मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी तार फिरवून आडवी-उभी दोन्हीकडून. एका पदराची रिकामी डबी छापा आणि तिची भिंत मोजा. रंगाचा तुकडा जुन्या बॅचच्या तुकड्याशेजारी उन्हात धरा. लोक म्हणायचे, ताई म्हणतील ते फायनल.

फक्त आधी जबडे मिटून शून्य बघा, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

दोन महिन्यांपूर्वी लोणंदच्या धनाजीकडून तिनं तार घेतली होती. धनाजी फौजेतून निवृत्त झालेला. प्लास्टिकच्या भंगाराचा चुरा करून, वितळवून घरामागच्या शेडमधे तार ओढायचा. स्वस्त माल. फोनवरच त्यानं सांगितलं होतं, "ताई, भंगारातला रंग हाय, बॅच बदलली की छटा बदलणार. एका कामाला एकच बॅच घ्या." हिनं अर्धा माल आधी मागवला, अर्धा नंतर. आता काय बोलायचं!

काम होतं नानासो यंत्रमागवाल्यांचं. सुताचे कोन अडकवायच्या दोनशे हिरव्या टोप्या. तार मोजली तर कुठे १.८५, कुठे १.८७, सरासरी १.८६. म्हणून तिनं सॉफ्टवेअरमधे जाडी १.८६ भरली. तार जाड आहे म्हटल्यावर मशीन ती कमी ढकलतं. पण तार होती १.७५. प्रत्येक थरात अकरा-बारा टक्के प्लास्टिक कमी पडलं. थर एकमेकांना धरेनात. डबी छापली असती, तर तिची भिंत दाबताच चिरली असती आणि व्हर्नियरचा खोटेपणा तिथंच उघडा पडला असता. पण नानासो घाई करत होते आणि डबी गाळली गेली.

टोप्या मागावर चढल्या आणि चार दिवसांत फुटल्या. शिवाय निम्म्या गडद हिरव्या, निम्म्या शेवाळी. नानासो दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलले, "पोरी, हे काय खेळणं दिलंस व्हय?"

झालं, बाईंचं डोकं फिरलं. रंगच धड नाही तर माल कसा धड असेल, असं तिनं धरून टाकलं. खरं तर तार सगळीकडं सारखीच जाड दिसत होती, आणि भंगारातली वाईट तार कधी अशी सारखी नसते, ती वरखाली नाचते. हे तिला ठाऊक होतं. पण राग आला की ठाऊक असलेलं कुठं आठवतं? तिनं व्हर्नियरसकट व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. "हे बघा लोणंदचं भंगार. एक पॉइंट शहाऐंशी! घेणाऱ्यांनी विचार करून घ्या."

धनाजीनं एवढंच लिहिलं होतं, "ताई म्हणत्यात तर खरं असंल. सुधारतो."

आणि आज एका मोठ्या कंपनीची महाग तार तिनं सहज मोजली, तर तीही १.८६. म्हणून जबडे मिटून पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीहून गाडीनं लोणंदला उतरली. फोनवर सांगायची लाज वाटत होती. समोर जाऊन सांगायची त्याहून जास्त वाटत होती, पण निघाली. वाटेत दोनदा वाटलं, कराडला उतरून परत फिरावं.

शेडमधे धनाजीनं खुर्ची पुसून दिली. तिनं पिशवीतून व्हर्नियर काढला, जबडे मिटले आणि त्याच्यापुढं धरला.

"धनाजीभाऊ, तुमची तार बरोबर होती. माझा काटा चुकला."

त्यानं आकडा पाहिला. मग उठून कोपऱ्यातली रिळं आणून तिच्यापुढं ठेवली.

"ही मोजा की," तो म्हणाला. "माझ्या काट्यानं मोजा."

तिनं मोजली. १.६४. दुसरं रीळ १.६५. तिसरं १.६४.

"तुमी पॉइंट अकरानं जाड म्हनला," धनाजी म्हणाला. "माझा काटा पावणेदोन दाखवत हुता. म्हटलं, माझाच काटा खोटा. ताई चुकायच्या न्हाईत. ओढायच्या रोलरचा वेग वाढवला आन् तार तेवढी बारीक केली. साठ किलो. साताऱ्यातल्या कॉलेजनं आन् वाईच्या दोघांनी नेली. सगळ्यांची परत आली. आता मातूर खरंच वाईट हाय."

मुबश्शिराचं खोटं त्या माणसानं स्वतःच्या हातानं खरं करून ठेवलं होतं, आणि तेही तिच्यावर विश्वास ठेवून. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"ही सगळी मी नेते," ती कशीबशी म्हणाली. "जाडी सारखी आहे. सॉफ्टवेअरमधे १.६४ भरलं की चांगली छापेल."

"ती न्या न्हाईतर राहू द्या. पन ताई, बोलला एकशे चाळीस जनांत आन् माफी मागायला आला शेडात. हितं कोन हाय ऐकायला?"

तिथंच, त्याच्या शेडमधे उभं राहून तिनं व्हिडिओ काढला. मिटलेले जबडे, ०.११, गोंदाचा पापुद्रा. नखानं पापुद्रा काढला, तेव्हा शून्य आलं. मग धनाजीच्या जुन्या बॅचचा उरलेला तुकडा मोजला. १.७५. "चूक माझी होती," ती म्हणाली. "धनाजीभाऊंचा माल चोख होता. त्यांचं नाव मी खराब केलं." आवाज कापला, पण व्हिडिओ पुन्हा काढला नाही. तसाच ग्रुपवर टाकला.

परतीची गाडी कोरेगावला पोचेपर्यंत फोन टणटणत होता. ताई, मोठं मन लागतं. ताई, असं कबूल करायला हिंमत लागते. हात जोडलेले, टाळ्या, फुलं. धनाजीचं नाव एकानंही घेतलं नव्हतं. माल मागणं तर दूरच. तिला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी धनाजीचा निरोप ग्रुपवर आला. "नवी बॅच काढली. काळा रंग. पावणेदोन हाय. कुनी मोजून खात्री करून सांगंल का?"

तासभर कुणी बोललं नाही. मुबश्शिरानं व्हर्नियर मिटून शून्य पाहिलं, पुसला, पुन्हा पाहिलं आणि लिहिलं, "मी मोजते, भाऊ. पाठवा."

धनाजीचं उत्तर लगेच आलं. "तुमी नको, ताई. दुसरं कुनीतरी मोजा."

तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.