वीस पैशांचं काय घेऊन बसलीस

धाकट्याने नोकरी सोडायची ठरवली तेव्हा त्याच्या वहीत अठ्ठेचाळीस हजारांचा नफा होता आणि खात्यात सहा हजारांचा तोटा. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच तीन महिन्यांतल्या. पण तो वहीवर विश्वास ठेवून राजीनामा लिहून बसला होता. खात्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, ते शिकण्याचं शुल्क आहे. जगात सगळी गाढवं आपापल्या शुल्काला हेच नाव देतात, असं त्याच्या मोठ्या बहिणीचं, ताईचं मत होतं.

ताई शेअर दलालाच्या कचेरीत हिशेब जुळवायच्या टेबलावर बसायची. बावीस वर्षं. लोक सौदे करायचे, संध्याकाळी त्यांची बिलं तिच्या हाताखालून जायची. त्यामुळे सकाळी शहाणे असलेले लोक संध्याकाळी कसे दिसतात, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. धाकटा पाण्याच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीला होता. रोज सकाळी दोन तास सवलत घेऊन उशिरा जायचा. शेवटी वरिष्ठांनी सांगितलं, शुक्रवारपासून वेळेवर या, नाहीतर येऊ नका. धाकट्याला दुसरा पर्याय आवडला.

त्याची पद्धत साधी होती, आणि साधी असल्यामुळेच त्याला ती शास्त्रीय वाटत होती. बाजार उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. त्यात शेअरचा जो सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव होईल, त्या दोन रेघा. भाव वरची रेघ तोडून गेला की विकत घ्यायचं. दोन रेघांत जेवढं अंतर तेवढाच भाव आणखी वर गेला की नफा उचलायचा, उलटा फिरून खालची रेघ तोडली की तोटा सोसून बाहेर पडायचं. वर्षभराच्या जुन्या भावांवर त्याने हे तपासलं होतं आणि दर शेअरमागे सरासरी ऐंशी पैसे सुटले होते. एका सौद्यात हजार शेअर, दिवसाला एक सौदा. गुणाकार धाकट्याला लहानपणापासून चांगला यायचा. वजाबाकीचं मात्र त्याच्याशी कधी जमलं नाही.

गुरुवारी ताईने रजा टाकली आणि सकाळी त्याच्या घरी जाऊन बसली. बायको कामावर गेली होती. टेबलावर लॅपटॉप, वही, थंड झालेला चहा आणि पाकिटात घातलेला राजीनामा. ताईने पाकिटाकडे बघितलं आणि खुर्ची ओढली.

"आज मी फक्त बघणार," ती म्हणाली. "तू एकही शब्द बोलू नकोस, सौदा कर."

पंधरा मिनिटं झाली. वरची रेघ पाचशे दोन, खालची चारशे अठ्ठ्याण्णव. त्याने आधीच हुकूम लावून ठेवला होता, पाचशे दोन आणि पाच पैशांना भाव लागला की हजार घे. भाव लागला. घेतलेही गेले, पण पाचशे दोन आणि पंचवीस पैशांना. धाकट्याने वही उघडून ऐटीत लिहिलं, ५०२.०५.

ताईने बोट ठेवलं. "पंचवीस झाले ना?"

"वीस पैशांचं काय घेऊन बसलीस. हुकूम पाचला होता."

तिला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. ती रेघ काय त्याच्या एकट्याच्या स्वप्नात आली होती? तीच पंधरा मिनिटं, तोच भाव, जिथे तिथे शिकवलेली तीच युक्ती. रेघ तुटली की सगळे एकाच क्षणी घ्यायला धावतात आणि त्या भावाला विकणारे मूठभर. ते संपले की पुढचा भाव, मग त्याच्या पुढचा. बाजारात रेघेवर माल मिळत नाही, रेघ ओलांडल्यावर उरलेला मिळतो.

मग भाव चढला. पाचशे सहाला नफ्याचा विक्रीचा हुकूम लावलेला होता. पडद्यावर पाचशे सहा चमकलं आणि धाकट्याने टेबलावर थाप मारली. पण त्या भावाला त्याच्या आधीचे विकणारे रांगेत उभे होते. थोडा माल खपला आणि भाव परत फिरला. त्याचे हजारच्या हजार तसेच राहिले. पाचशे पाच, चार, तीन. प्रयोगशाळेत जायची वेळ होत आली तेव्हा त्याने घाईने मिळेल त्या भावाला विकून टाकले. पाचशे दोन सत्तर. वहीत मात्र त्याने लिहिलं, ५०६.

"लागला होता की पाचशे सहा," तो म्हणाला. "तू बघितलंस."

"मी बघितला. तुला मिळाला का?"

मग ताईने पिशवीतून कागद काढले. त्याच्या तीन महिन्यांच्या साठ सौद्यांची बिलं. प्रत्येक सौद्यासमोर तिने वहीतला भाव आणि खरा भाव मांडला होता. आत शिरताना सरासरी वीस पैसे जादा गेलेले, बाहेर पडताना पंधरा कमी मिळालेले. वर दलाली, कर आणि बाजाराचं शुल्क मिळून दर शेअरला पंचावन्न. एकूण नव्वद. कमाई ऐंशी. आजचंच घे, ती म्हणाली, पंचेचाळीस पैसे मिळवलेस, पंचावन्न दिलेस, हजार शेअरांवर शंभर रुपये गेले. नफ्याच्या सौद्यात.

त्याने वाद घातला, तो घालणारच होता. दोन हजार शेअर घेतो म्हणाला. ताईने विचारलं, हजाराला वीस पैसे वर जावं लागतं, दोन हजाराला विकणारे कुठून आणशील? दलाली आणि करही दुपटीने लागतील. मग दलाल बदलतो म्हणाला. बदल, ती म्हणाली, दलाली निम्मी कर, पंधरा पैसे वाचव. ऐंशीतून पंचाहत्तर गेले, पाच राहिले, दिवसाला पन्नास. पन्नासात संसार चालव आणि कायम नोकरीचा राजीनामा दे. देव अक्कल वाटत होता तेव्हा तू रांगेत कितवा होतास रे?

धाकट्याने कागद पुढ्यात ओढले. बिलं एकेक करून बघत राहिला. पाचव्या का सहाव्या बिलावर त्याचं बोट थांबलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, खातं कुणाच्या ओळखीने उघडलं. तिथे ताईचा कर्मचारी क्रमांक होता.

"ही बिलं रोज तुझ्या हातातून जात होती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुला पहिल्या आठवड्यातच कळलं असेल."

ताईला कळलं होतं. तिसऱ्या दिवशीच. संध्याकाळी बिल बघून ती मनात म्हणाली होती, आला आणखी एक. आपला भाऊ आहे हे त्यानंतर आठवलं, आणि आठवूनही ती म्हणाली होती, बघू किती दिवस टिकतो.

"ओळखीचं तुला काय मिळतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण सकाळपासून ती खऱ्या भावाचं कौतुक सांगत बसली होती. मालकांना साठ सौद्यांत अठरा हजारांची दलाली मिळाली. तीन महिने भरले तेव्हा त्यांनी तिला बोलावून चांगलं गिऱ्हाईक आणलंत म्हणून पाठ थोपटली आणि दहावा हिस्सा पाकिटात घालून दिला. तिने ते घेतलं होतं, थँक्यू सर म्हणून.

"अठराशे," ती म्हणाली.

धाकट्याने मान हलवली. वही ओढली, आजचे दोन्ही भाव खोडले, खाली काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मग बूट घातले, डबा घेतला, राजीनाम्याचं पाकीट तसंच टेबलावर सोडून प्रयोगशाळेत निघून गेला. दार त्याने हळू लावलं. ते आपटलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं.

ती बराच वेळ बसून राहिली. जिंकली होती, म्हणून बसायला हरकत नव्हती. शेवटी वही उघडली. ५०२.२५, ५०२.७०, शंभर तोटा. तीन महिन्यांत प्रथमच खरे भाव. त्याच्या खाली, तितक्याच नीटस अक्षरात: ताई, १८००.