निळ्या डब्यातली काच

ओला-सुका कचरा या विषयावर असेंब्लीत बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण प्राचार्या गीता मॅडमच्या मते रसायनशास्त्र आणि कचरा जवळचे नातेवाईक आहेत. वीस वर्षं दुर्गच्या मोहन नगरातून भिलाईला येऊन शिकवतोय, एवढी अक्कल आली आहे की मॅडमशी वाद घालू नये. रविवारी बसून मी तक्ता केला. हिरव्या डब्यात ओला कचरा, निळ्यात सुका. सुक्याच्या यादीत कागद, प्लास्टिक, डबे, काच. शेवटी पृथ्वीचं चित्र काढलं आणि स्वतःवरच खूश झालो.

आमच्या शाळेचा कचरा नेणाऱ्या सिंधुताईंनाही मॅडमनी बोलावलं होतं. त्या आमच्या भागातल्या केंद्रावर हातांनी कचरा वेगळा करतात. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, सासरे इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला लागले म्हणून इकडे आलेल्या. हिरव्या साडीत आल्या, डाव्या तळव्याला पट्टी होती.

माझं भाषण नेहमीसारखंच झालं. मागच्या रांगा कुजबुजत होत्या, मी डोळे वटारत होतो. पृथ्वीचं चित्र दाखवून झाल्यावर आठवीतल्या भूमिकाने हात वर केला. प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

"ताई, आपके हाथ को क्या हुआ?"

सिंधुताईंनी माइक जरा लांबच धरला. बोलल्या हिंदीतच, पण मला आठवतं ते त्यांच्या घरच्या बोलीत. "काच लागली, बाई. तीन टाके पडले. सोमवारी सुक्याची थैली उघडली, त्यात फुटलेली काच होती. मोजे होते हातात, त्याच्यातून गेली. सर आता सांगून राहिले तशीच, निळ्या डब्यातली होती. डबा बरोबर होता."

आदल्या शनिवारी प्रयोगशाळेत माझ्या हातून बीकर फुटला होता. मदतनीस सुट्टीवर होता आणि फुटक्या काचेची पेटी तळमजल्यावर. मी तुकडे गोळा केले आणि तसेच निळ्या डब्यात सारले. काच सुका कचरा, झालं. तक्त्यातही तेच लिहिलं होतं. खरं तर प्रयोगशाळेची काच बाटल्यांच्या काचेबरोबर वितळतसुद्धा नाही. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवतो.

सिंधुताईंनी कोणाचं नाव घेतलं नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला पत्ताही लागला नसता. समोर सहाशे पोरं होती, त्यातल्या निम्म्यांना मी वेंधळेपणाबद्दल बाकावर उभं केलेलं. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली, आणि भीती जास्त होती हे कबूल करतो.

मी माइक परत घेतला.

"ती काच मी टाकली होती," म्हणालो. "माझ्या तक्त्यात एक गोष्ट राहिली. डब्याचा रंग बघितला, पलीकडचा हात बघितला नाही."

पुढचं भाषण कागदावर नव्हतंच. याच आठवड्यात करण्यासारखं सांगितलं. घरात काच फुटली तर चार घड्या घातलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने 'काच' लिहा, डब्यात न टाकता ताईंच्या हातात सांगून द्या. ब्लेडचंही तसंच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळं द्या. हे मी पुरुष असून माइकवर बोललो तेव्हा पुढच्या रांगा खुदखुदल्या, तरी बोललो.

"आणि शिळं अन्न प्लास्टिकच्या पन्नीत बांधून हिरव्यात टाकू नका," सिंधुताईंनी मधेच म्हटलं. "ती गाठ आमालेच सोडा लागते. दुधाच्या पाकिटाचा कोपरा पुरा कापू नका, लटकता ठेवा, सुटा तुकडा येचता येत नाई. अन् पाकीट धुवून द्या."

दुधाच्या पाकिटाचं मला माहीत नव्हतं. मी ते तक्त्यावर पृथ्वीवरच लिहून घेतलं.

सभा संपल्यावर मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती, शब्द नीट जुळत नव्हते.

"ताई, चुकलं माझं."

"मले मालूम होतं, सर. तुकड्यावर मापाच्या रेघा होत्या. असं भांडं कोनाच्या घरी राह्यते?"

"मग सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

त्यांनी कचऱ्याच्या रिक्षाचं कुलूप उजव्या हाताने काढलं.

"मी बोलली असती तर पोट्टे तुमाले हासले असते, अन् काच तशीच आली असती. तुमी सांगता का नाई, तेच पाहून राहिली होती."