शेवटची दोन शून्यं

बियाणं केंद्र बंद होणार हे सगळ्यांना कळलं, तेव्हा मावशीने फक्त एवढंच विचारलं, "आणि माझ्या पिशव्या?"

पिशव्या म्हणजे कापडी पुरचुंड्या. तरुणपणापासून केंद्रासाठी गावोगाव हिंडून तिने गहू, जव, घेवडा, वाल असे वाण गोळा केले होते. घराघरांतून मूठमूठ मागून आणलेले. त्यातले कितीतरी आता कुणी पेरतही नव्हतं. प्रत्येक पुरचुंडीवर तिच्या हाताने काळ्या शाईत लांबलचक नंबर लिहिलेला असे. आधी वर्ष, मग तालुका, गाव, घर, पीक आणि अगदी शेवटी दोन आकडे वाणाचे.

सगळं बियाणं मोठ्या शहरातल्या शीतगृहात हलवायचं ठरलं. त्यांची अट सोपी होती: नव्या चंदेरी पाकिटात भरा, प्रत्येकावर क्यूआर कोड लावा. कापडाला बुरशी लागलीय, ते जाळून टाका, इथे आणू नका.

हे काम भाचीकडे आलं. भाची केंद्रात संगणकावर बसायची. मावशीनेच तिला तिथे चिकटवली होती, आणि बहिणीची मुलगी असली तरी तिच्यावर ओरडायला मावशी कधी मागेपुढे पाहत नसे.

जुन्या प्रणालीतून यादी बाहेर निघाली ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. भाचीने ती तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर नंबरांच्या रकान्यात भलतंच दिसलं: कुठे एक, कुठे दोन, पुढे टिंब, मग ई आणि अधिक सोळा. तिने रकाना निवडून "संख्या" असा प्रकार दिला, दशांश काढून टाकले. लगेच सतरा आकडे सुरेख रांगेत उभे राहिले. तिला हायसं वाटलं.

मग तिने एक छोटा प्रोग्रॅम लावला. तो यादीतली एकेक ओळ घेऊन त्या नंबरचा कोड बनवायचा आणि चित्राला ओळीचा क्रमांक देऊन साठवायचा. ती चित्रं लेबलच्या पानावर चौकटीचौकटीत बसवायची. पहिलं पान छापलं तर कोड चौकटीतून खाली घसरलेले. प्रिंटर "पानात बसवा" असं करून सगळं आक्रसत होता. तिने ते काढून मूळ आकारात छापायला लावलं, तेव्हा चौकटी जुळल्या. पण कोड फोनला वाचता येईना.

"फार बारीक झालाय," ती म्हणाली. "भोवतीची पांढरी किनारही मजकुराने खाल्लीय. कोडखाली छापलेला नंबर काढून टाकला तर कोड मोठा बसेल."

"काढू नकोस," मावशी म्हणाली. "पाकिटावर मला वाचता येईल असं काहीतरी राहू दे."

"मावशी, शीतगृहात कोण वाचणार आहे? तिथे यंत्र वाचतं. मोठं लेबल मागवायला दिवस नाहीत आपल्याकडे."

केंद्राच्या साहेबांनी मान डोलावली. नंबर गेला, कोड मोठा झाला, फोनने टिंग करून लांबलचक आकडा दाखवला. भाचीने पहिले पाचसहा आकडे यादीशी जुळवून पाहिले. जुळले. मग तिने बिनदिक्कत सगळी पानं छापली.

पॅकिंगच्या बायांनी यादीच्या क्रमाने पिशव्या रित्या केल्या, पाकिटं भरली, लेबलं डकवली. पाकिटं आकाराप्रमाणे खोक्यांत लावली, म्हणजे जागा वाचेल. कापड मागच्या अंगणात जळलं. मावशी तिथे उभी राहिली नाही.

आठवडाभराने शीतगृहातून फोन आला. साहेबांनी भाचीला आत बोलावलं.

"ते म्हणतायत, एकच कोड अनेक पाकिटांवर आहे. खोक्यामागे खोकं तेच."

"असं कसं होईल? प्रत्येक ओळीचं वेगळं चित्र आहे."

ती जाग्यावर आली, यादी उघडली, रकान्यावर नजर लावली. सगळे नंबर शून्य शून्यवर संपत होते. वरपासून खालपर्यंत. चित्रं खरंच ओळीओळीची वेगळी होती, पण एका घरातल्या एका पिकाच्या सगळ्या वाणांवर आत नंबर मात्र तोच. संगणकाने पंधरा आकडे तेवढे जसेच्या तसे ठेवले होते. उरलेल्या दोन जागी, न विचारता, शून्यं भरली होती. तो रकाना आधीच "मजकूर" म्हणून उघडला असता तर काही झालं नसतं. जे दोन आकडे गेले, ते नेमके वाणाचे होते.

खोकी परत आली. मावशीने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एका घराची पाकिटं फोडून बशांत ओतली. सगळा गहू. जुन्या यादीत त्या घराचे सोळा वाण नोंदलेले होते, नावांनिशी. बशाही सोळाच होत्या. पण कुठलं नाव कुठल्या बशीचं?

"हा लालसर," भाची म्हणाली. "हा जरा जाड आहे, नाही का?"

मावशीने दाणे हातावर घेतले, उजेडात धरले, परत ठेवले. मग दुसरे.

"घेवड्याचे चारदोन सांगता येतील. ठिपके आहेत त्यांना," ती शेवटी म्हणाली. "गव्हाचं नाही सांगता येत."

"अंदाजाने तरी सांग ना, मावशी. मी लगेच लेबल काढते."

"अंदाजाने लिहू? म्हणजे पुढचा माणूस वर्षानुवर्षं खोटंच पेरणार." तिने बशी बाजूला सरकवली. "रिकामं राहू दे."

भाचीने तरी खटपट सोडली नाही. पेरून पाहिलं तर ओंब्यांवरून ओळखता येईल, असं तिला वाटलं. केंद्राचं शेत केव्हाच दुसऱ्याला देऊन टाकलेलं होतं, म्हणून गच्चीत कुंड्या मांडल्या. दाणे जुने, बरेच उगवलेच नाहीत. जे उगवले ते हातभर वाढून पिवळे पडले. ओंबीपर्यंत एकही पोचला नाही.

शीतगृहाने कळवलं: ओळख नसलेलं बियाणं घेत नाही. तरीही भाचीने रकाना मजकूर करून यादी नव्याने आणली, कोड पुन्हा काढले, पानं पुन्हा छापली. या वेळी प्रत्येक कोड वेगळा होता. फोनने प्रत्येकाला शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर वाचलं. पानं टेबलावर तशीच पडली. डकवायची कशावर?

साहेबांनी पाकिटांवर "मिश्र" असा शिक्का मारायला सांगितला आणि ती पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्याला देऊन टाकली. तो टेम्पो घेऊन आला, तेव्हा मावशी दारातच उभी होती. भाची तिच्या शेजारी गेली.

"मावशी, माझ्यामुळे—"

"गप्प बस."

"तू म्हणाली होतीस नंबर राहू दे म्हणून."

"म्हणाले होते. आणि तो राहिला असता तरी त्याच यादीतून आला असता. शून्य शून्यच." मावशीचा आवाज रागावलेला नव्हता, आणि त्याचंच भाचीला जास्त लागलं. "मला मूठमूठ देणाऱ्या त्या बायांच्या हातचं होतं गं सगळं. आता कुणाकडे मागायला जाऊ? त्याही नाहीत आता."

टेम्पोवाल्याने खोकी भराभर आत फेकली. एक फुटलं, थोडे दाणे रस्त्यावर सांडले. तो वाकला, आणि हाताने झाडून ते नाल्याकडे सारले. मावशी आत निघून गेली. भाची तिच्या मागे गेली नाही.