मावशीची बारा पेरं

आमच्या बायबलच्या भाषांतरात जुनं माप आलं की मी आधी कॅल्क्युलेटर काढतो. वाचकाला कळायला नको का? यावरून माझ्याशी वाद घालून थकलेले आमचे तपासनीस वैतागून म्हणाले, "आधी कुणाला तरी वाचून दाखवा, मग भांडा."

म्हणून मी मावशीला ऑफिसात आणून बसवलं आणि शेवटच्या पुस्तकातलं पवित्र नगर वाचायला घेतलं. बारा वेशी, बारा देवदूत, वेशींवर बारा वंशांची नावं, कोटाचे बारा पाये, त्यांवर बारा प्रेषितांची नावं. प्रत्येक 'बारा'ला मावशीचा अंगठा चार बोटांची बाराही पेरं फिरून यायचा.

"नगराची लांबी दोन हजार दोनशे वीस किलोमीटर," मी ऐटीत वाचलं.

अंगठा जागीच थांबला.

"हे मध्येच कुठून उपटलं? मुळात काय आहे?"

"बारा हजार स्टेडिया. पण स्टेडिया कुणाला कळतंय?"

"आणि कोट?"

"पासष्ट मीटर." मग जरा आवाज उतरला. "म्हणजे, मुळात एकशे चव्वेचाळीस हात."

"बारा वेळा बारा! आणि तू ते गिळून बसलास?"

मी चिडलो. "अगं, पण नगर केवढं आहे ते कळायला नको?"

"केवढं ते खाली टिपेत लिही. दारांवर ज्यांची नावं आहेत, त्यांचंच ना ते? मग नगर कुणाचं ते सांगणारं 'बारा' वर मजकुरात राहू दे."

मी कुरकुरत मजकूर बदलला आणि पुन्हा वाचू लागलो. "बारा हजार स्टेडिया" म्हणताना खाली पाहिलं, तर माझाच अंगठा पेरांवरून चालला होता.