जुन्या फोनवरची हिरवी खूण

"मावशी, तुला दिवसभर फोनशी खेळायचाच पगार मिळतो का गं?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैजेला मागे हटेल ती भिंगरी कसली? फक्त तिनं ते विचारलं भर ऑफिसात. शेजारच्या दाढीवाल्या प्रोग्रॅमरच्या नाकात चहा गेला.

"हो, मिळतो की," मावशी म्हणाली. "चल, तुलाही खेळायला देते."

तिनं भिंतीतलं कपाट उघडलं आणि भिंगरीची बडबड जागच्या जागी थांबली. आत फळ्यांवर फोनच फोन. तडकलेले, टवके उडालेले, एकाला तर चिकटपट्टीचा आधार. पण सगळे चालू होते, अंधारात काजव्यांसारखे लुकलुकत. प्रत्येकात एकच अ‍ॅप, पण वेगवेगळ्या काळातलं. डायलिसिसच्या रुग्णांना त्यात आपली पुढची वेळ दिसायची.

"लोक नवं अ‍ॅप का घेत नाहीत?"

"ज्यांचा फोन घेऊ शकतो ते घेतात. बाकीच्यांचं अ‍ॅप कित्येक वर्षांपूर्वीचं, आणि ते बोलतं मात्र आमच्या आजच्या सर्व्हरशी. आम्ही इथे बोलायची पद्धत बदलली की तिकडे त्यांच्या हातात काय दिसेल, ते आधी इथे बघायचं."

आज पद्धत बदलणार होती. आतापर्यंत वेळ एक तर पक्की असायची, नाही तर रद्द. आता 'पुढे ढकलली' असंही सर्व्हर सांगणार होता, नव्या वेळेसकट. जुन्या अ‍ॅपना हा तिसरा प्रकार ठाऊकच नव्हता. म्हणून अ‍ॅपनं आपला आवृत्ती क्रमांक सांगितला आणि तो जुना निघाला, तर सर्व्हर त्याला कळेल अशा जुन्या पद्धतीनं सांगणार होता: आधीची वेळ रद्द, ही दुसरी पक्की.

मावशीनं चाचणीच्या सर्व्हरवर एका खोट्या रुग्णाची सोमवारची वेळ मंगळवारवर ढकलली. भिंगरी एकेक फोन उघडून मोठ्यानं वाचू लागली. सोमवार रद्द, मंगळवार पक्की. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"झालं तर मग, बदल सगळ्यांसाठी सोडू या?" दाढीवाल्यानं विचारलं. "दवाखाना संध्याकाळची वाट बघतोय."

"चिकटपट्टीवाले आजोबा राहिले."

"ताई, तो फोन वायर काढली की मान टाकतो. आणि त्यावर कंप्यूटरच्या सगळ्या चाचण्या पास आहेत. अ‍ॅप बंद पडत नाही."

"बंद पडत नाही, हे मला कळलं. दाखवतं काय, ते कळू दे."

भिंगरीनं वायर न हलवता आजोबांना जागं केलं. पडद्यावर मोठी हिरवी खूण आली.

"सोमवार," तिनं वाचलं. "पक्की." मग जरा हळू, "मावशी, मंगळवार कुठेच नाहीये."

त्या अ‍ॅपला एवढंच शिकवलेलं होतं: रद्द असेल तर लाल, नाही तर हिरवी. हा माणूस सोमवारी येईल, त्याच्या खुर्चीवर दुसराच असेल, आणि मंगळवारी त्याचं मशीन रिकामं राहील.

"पण याला जुन्या पद्धतीनं का नाही सांगितलं?" मावशीनं विचारलं.

दाढीवाल्यानं खऱ्या सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कोणत्या आवृत्तीचं अ‍ॅप आत्ता काय विचारतंय, ते ओळींमागून ओळी सरकत होतं. मधेच एखाद्या ओळीत आवृत्तीची जागा कोरी.

"या कोऱ्या ओळी," तो म्हणाला, "मला वाटायचं आपल्याच तपासण्यांच्या आहेत. म्हणून कोरं दिसलं की सर्व्हरनं नवीनच समजायचं, असं मी लिहून ठेवलंय."

"सगळ्यात पहिल्या अ‍ॅपमध्ये आवृत्ती सांगायची सोयच नव्हती," मावशी म्हणाली.

तेवढ्यात आणखी एक कोरी ओळ वर सरकली. भिंगरी पडद्याजवळ वाकली. आत्ता, या क्षणी, कुठल्या तरी खोलीत कुणीतरी तसलाच जुना फोन हातात धरून आपली वेळ बघत होतं. त्याला ही खोली माहीत नव्हती, मावशीही माहीत नव्हती. पुन्हा एक कोरी ओळ. दुपारी आकाशात कधीच न दिसणारे तारे कुणीतरी दाखवावेत, तसं तिला झालं.

"आज सोडायचं नाही," मावशी म्हणाली. "दवाखान्याला मी फोन करते. काय बोलतील ते मी ऐकून घेते."

दाढीवाल्यानं मान डोलावली आणि कीबोर्ड ओढला. जो आवृत्ती सांगत नाही तो सगळ्यात जुना, एवढाच बदल. तो चाचणीच्या सर्व्हरवर चढल्यावर भिंगरीनं आजोबांना पुन्हा उठवलं. सोमवार लाल झाला. खाली मंगळवार, हिरवा.

"उद्या पुन्हा सगळे फोन पहिल्यापासून," मावशी म्हणाली. तेवढ्यात पडदा काळा झाला. आता वायर असूनही. "आजोबा तेवढे टिकले, तर."

घरी आई ताटं मांडत होती आणि बाबा टीव्हीचा आवाज कमी करत होते. भिंगरी मधोमध उभी राहिली.

"माझं ठरलंय. बाबा, तुमचा तो कपाटातला जुना फोन, आई रोज टाकून द्या म्हणते तो, अगदी आजोबांसारखाच आहे. तो उद्या मावशीच्या ऑफिसात जाणार. आणि सुट्टी लागली की त्याच्यामागोमाग मी."