आठव्या वचनापर्यंत

मी मुखेडच्या एका ख्रिस्ती घरातला नवा करार, बायबलचा दुसरा भाग. छापखान्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो नागुबाईचा अंगठा. वाचताना ती पानाचा खालचा कोपरा दाबून धरायची.

ती हिवाळ्यात गेली. मग मी फळीवर तिच्या चष्म्याशेजारी पडून राहिलो. तिचा मुलगा प्रेम नांदेडला बारावीत होता. इतिहासाच्या मॅडमनी करार मागवला, म्हणून त्यानं मला पिशवीत टाकून एसटीनं नेलं.

ज्योत्स्नामॅडम बौद्ध घरातल्या. मार्क, मत्तय, लूक आणि योहान या चौघांनी लिहिलेले येशूच्या पुनरुत्थानाचे, म्हणजे मरणातून उठण्याचे, वृत्तांत त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिले होते. कबरीकडे कोण गेलं? तिथं कोण दिसलं? आधी कुणी लिहिलं? प्रेम माझी पानं मागंपुढं करत होता. मार्कात एक तरुण बसलेला, लूकात दोन पुरुष. भूकंप आणि पहारेकरी फक्त मत्तयात. योहानात येशूची शिष्या मरीया मग्दालीया त्यालाच माळी समजते. येशूचा प्रचार करत फिरलेल्या पौलाचं पत्र या चौघांच्याही आधीचं. त्यात कबरीकडे गेलेल्या बायांचं नाव नाही, येशू कुणाकुणाला दिसला ते मात्र आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असंही पौल तिथंच लिहितो.

तिथं प्रेमचं बोट थांबलं. ईस्टरच्या पहाटे आईच्या कबरीपाशी पुनरुत्थानाचा वृत्तांत त्यानं वाचावा, असं शरणम्मामावशीनं ठरवलं होतं. त्याला तर आई गेल्यापासून रडूही आलं नव्हतं.

"मॅडम, चौघांचं जुळत नाही. मग खोटं का?" त्यानं विचारलं.

"रिकामी कबर चौघांतही आहे, मरीयाही आहे. फरक का पडले असतील ते लिही. तो खरंच उठला का, हे इतिहासाच्या पेपरात मला ठरवता येत नाही, बाळा."

ईस्टरला मुखेडच्या कबरस्तानात मेणबत्त्या लागल्या. चर्चच्या पाळकांनी खूण केली. प्रेमनं मार्क उघडला. बाया कबरीतून थरथरत पळाल्या, भीतीनं कुणाला काही बोलल्या नाहीत, इथवर, आठव्या वचनापर्यंत, त्यानं वाचलं आणि तो थांबला. जुन्या हस्तलिखितांत मार्क इथंच संपतो, अशी टीप माझ्या पानावर आहे. त्याखाली येशूच्या दर्शनाची वचनं आहेत. सगळे त्यांचीच वाट पाहत होते.

"पुढचं वाच की रे," मावशी म्हणाली.

"मावशी, मला इथवरच येतंय."

कुणीतरी खाकरलं. मावशी कबरीच्या कडेला टेकली. तिनं त्याच्या हातातून मला घेतलं, पण मिटलं नाही.

"ऱ्हाऊ दे. त्या बायांना तरी कुठं लगेच बोलता आलं."

मग पाळक म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे." "खरोखर उठला आहे," सगळ्यांनी उत्तर दिलं. प्रेमचे ओठ हलले नाहीत. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

आता मी पुन्हा नांदेडला प्रेमच्या खोलीत, उशाशी असतो. तो मला उघडतो, तिथवर येतो, ठेवून देतो. तुमच्या घरीही कुणी असं थांबलं असेल, तर त्याला घाई करू नका. पुढची वचनं माझ्यात आहेत. ती कुठं जात नाहीत.